पगारासाठी चुकीचे खाते नोंदले गेले असल्यास पेरोलला पत्र कसे लिहावे

प्रश्न: नव्या नोकरीतला माझा पहिला पगार 30 तारखेला आहे आणि आज 25 आहे. कर्मचारी पोर्टलवर माझ्या 16 अंकी खाते क्रमांकाचा शेवटचा अंक 0 दिसतो, खरा अंक 8 आहे. पेरोलला पाठवण्यासाठी पुढील मजकूर लिहिला आहे, पण त्याने काम होईल असे वाटत नाही. तो कसा सुधारू?

> विषय: अत्यंत तातडीचे! कृपया लगेच पाहावे
>
> आदरणीय महोदय, मी नुकतीच रुजू झाले आहे. माझे बँकेचे तपशील चुकीचे असल्याचे आत्ताच लक्षात आले. कदाचित फॉर्म भरताना गडबड झाली असावी. माझे घरभाडे आणि कर्जाचा हप्ता असल्याने पगार वेळेवर मिळणे फार गरजेचे आहे. कृपया या महिन्याचा पगार सोबत जोडलेल्या खात्यात वळवावा. आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहे.

उत्तर: मी अनेक वर्षे पेरोलचे काम करते आहे आणि महिनाअखेरीच्या आठवड्यात अशी पत्रे माझ्यासमोर नेहमी येतात, म्हणून ती वाचणाऱ्याच्या बाजूने लिहिते. आमच्याकडे असे पत्र आले की तीन गोष्टी ठरवाव्या लागतात. हे पत्र खरोखर त्याच कर्मचाऱ्याचे आहे का, नोंदीत नेमके काय बदलायचे आहे, आणि या महिन्याच्या फाइलमध्ये तो बदल बसत नसेल तर त्या व्यक्तीच्या पैशांचे काय करायचे. तुमच्या मजकुरात नम्रता आहे आणि अडचणही कळते, पण या तिन्हींपैकी एकाचेही उत्तर त्यात नाही. त्यामुळे तो वाचणाऱ्याला तुम्हाला उलट प्रश्न विचारावे लागतील, आणि त्या एका प्रश्नोत्तरातच कट-ऑफ, म्हणजे या महिन्याचे बदल स्वीकारण्याची शेवटची वेळ, निघून जाण्याचा धोका आहे.

पहिला मुद्दा खरेपणाचा, कारण तो सर्वांत कमी लोकांच्या ध्यानात येतो. कर्मचाऱ्याच्या नावाने ईमेल पाठवून पगाराचे खाते बदलून घेणे हा फसवणुकीचा एक जुना आणि सर्वत्र आढळणारा प्रकार आहे, आणि त्या ईमेलचा ढाचा बहुतेक वेळा सारखाच असतो. विषयात तातडी, मजकुरात घरगुती अडचण, जुन्या खात्याचा उल्लेख नाही, कर्मचारी क्रमांक नाही, आणि शेवटी 'या महिन्याचा पगार सोबतच्या खात्यात वळवावा'. तुमचा मजकूर प्रामाणिक असूनही हुबेहूब तसाच झाला आहे. काळजीपूर्वक काम करणारा पेरोलचा माणूस तो बाजूला ठेवेल, एचआरकडे पाठवेल किंवा तुम्हाला नवा फॉर्म भरायला सांगेल. यात त्याची काही चूक नाही.

हा संशय दूर करण्यासाठी तुमच्या प्रकरणातच दोन भक्कम गोष्टी आहेत, आणि त्या दोन्ही मजकुरातून सुटल्या आहेत. एक म्हणजे तुम्ही नवे खाते देतच नाही आहात. खातेदाराचे नाव, बँक आणि शाखा त्याच आहेत, सोळापैकी फक्त एक अंक वेगळा आहे. फसवणूक करणाऱ्याला पैसे स्वतःच्या खात्यात हवे असतात, त्यामुळे त्याच्या पत्रात बहुधा संपूर्ण क्रमांक बदलतो आणि अनेकदा बँकही बदलते. म्हणूनच 'वळवावा' हा शब्द काढून टाका आणि 'दुरुस्त करावा' असे लिहा, कारण तुम्हाला हवी आहे ती दुरुस्तीच. दुसरी गोष्ट म्हणजे रुजू होताना तुम्ही दिलेला बँक तपशिलाचा फॉर्म. तो आधीपासून त्यांच्याकडे आहे. त्यावर योग्य क्रमांक असेल, तर त्याच्याइतका चांगला पुरावा दुसरा नाही, कारण तो या पत्राच्या आधीचा आहे आणि पत्र लिहिणाऱ्याला आता बदलता येणार नाही. 'कदाचित फॉर्म भरताना गडबड झाली असावी' असे अंदाजाने लिहून तुम्ही हा पुरावा स्वतःच्या हाताने कमकुवत केला आहे. पत्र पाठवण्यापूर्वी फॉर्मची तुमच्याकडची प्रत काढा आणि एकेक अंक बोटाने तपासा. फॉर्मवरच चूक असेल तर तसे एका वाक्यात स्पष्ट लिहा. मग बँकेचा कागद हाच पुरावा उरतो आणि बहुधा नवा फॉर्म सही करून द्यावा लागतो.

आता त्या 0 विषयी. 16 अंकी क्रमांक आणि शेवटी नेमका 0, हे जुळणे मला लगेच ओळखीचे वाटले. एक्सेलमध्ये एखादी संख्या टाकली की तिचे पहिले 15 अंकच जसेच्या तसे राहतात, त्यानंतरच्या अंकांच्या जागी 0 येतो. खाते क्रमांक 'टेक्स्ट' म्हणून न साठवता साध्या संख्येसारखा टाइप केला किंवा सीएसव्ही फाइल थेट एक्सेलमध्ये उघडून पुन्हा सेव्ह केली, तर सोळावा अंक नाहीसा होतो आणि ते सहसा कोणाच्या लक्षातही येत नाही. नव्या रुजू झालेल्यांची माहिती पुष्कळ ठिकाणी अशाच एका शीटमधून पेरोलमध्ये चढवली जाते. तुमच्याकडे असेच घडले आहे हे मी इथून ठामपणे म्हणणार नाही, कारण टाइप करतानाही 8 च्या जागी 0 पडू शकतो. पण ही शक्यता पत्रात नोंदवणे फार उपयोगाचे आहे, आणि त्याचे कारण पुढच्या टप्प्यात आहे.

समजा, पेरोलच्या माणसाने तुमचे पत्र वाचले, शीट उघडली, योग्य क्रमांक टाइप केला आणि 'दुरुस्ती केली आहे' असे उत्तर पाठवले. मूळ कारण एक्सेलचे असेल, तर त्याने एंटर दाबताच शेवटचा 8 पुन्हा 0 झालेला असतो. क्रमांक लांब असल्याने एक्सेल तो अनेकदा 1.23E+15 अशा आखूड रूपात दाखवते, त्यामुळे त्याला तो बदल डोळ्यांना दिसतही नाही. त्याने काम मनापासून केलेले असते, तुम्हाला उत्तरही मिळालेले असते, आणि पगार तरीही चुकीच्या क्रमांकावर जातो. म्हणून नुसती 'दुरुस्ती केल्याचे कळवावे' ही विनंती पुरत नाही. 'बँकेला जाणाऱ्या फाइलमध्ये शेवटचे चार अंक कोणते आहेत ते कळवावे' अशी विनंती करा. हे उत्तर देण्यासाठी त्याला प्रत्यक्ष ती फाइल उघडून पाहावी लागते. माझ्या अनुभवात या एका वाक्याने जेवढे घोळ टळतात, तेवढे बाकीच्या सगळ्या मजकुराने मिळूनही टळत नाहीत.

याच्याशीच जोडलेली एक छोटी गोष्ट: योग्य क्रमांक पत्राच्या मजकुरात टाइप करून द्या, फक्त चित्रात किंवा जोडपत्रात देऊ नका. चित्रातून सोळा अंक बघून टाइप करायला लावणे म्हणजे नव्या चुकीला जागा करून देणे. क्रमांकाच्या शेजारी 'एकूण 16 अंक' असे लिहा, म्हणजे एखादा अंक गळला तर लगेच कळेल. चुकीच्या क्रमांकाचे मात्र शेवटचे चारच अंक लिहा. ते खाते कदाचित दुसऱ्या कोणाचे असू शकते, आणि एका पत्रात दोन पूर्ण क्रमांक असले की घाईत वाचणारा नेमका चुकीचा उचलू शकतो.

तिसरा मुद्दा वेळेचा. पगाराची तारीख 30 असली तरी तुमची खरी मुदत त्याआधीच संपते. आधी पेरोल लॉक होतो, म्हणजे त्या महिन्याची आकडेमोड आणि नोंदी गोठवल्या जातात. मग बँकेसाठी फाइल तयार होते, दुसरी अधिकृत व्यक्ती तिला मंजुरी देते आणि ती बँकेत जाते. कुठे हे सगळे पगाराच्या आदल्या दिवशी होते, कुठे चार-पाच दिवस आधीच उरकलेले असते. लॉकच्या आधी तुमची दुरुस्ती हे काही मिनिटांचे काम आहे. लॉक झाल्यावर, पण मंजुरीच्या आधी, ती अजून शक्य असते, मात्र फाइल पुन्हा तयार करावी लागते आणि त्यासाठी कोणाची तरी परवानगी लागते. फाइल बँकेत गेल्यावर एका व्यक्तीची ओळ काढून घेता येईल की नाही, हे त्या बँकेवर आणि वेळेवर अवलंबून असते.

तुम्ही आत्ता यातल्या कोणत्या टप्प्यावर आहात हे तुम्हाला माहीत नाही, आणि माहीत असण्याचे कारणही नाही. म्हणून पत्रात दोन पायऱ्यांची मागणी हवी: शक्य असेल तर दुरुस्ती करा, शक्य नसेल तर या महिन्याचा माझा पगार होल्डवर ठेवा. ही दुसरी पायरी लिहायला लोक कचरतात, कारण पगार थांबवण्याची विनंती स्वतःहून करणे अवघड वाटते. घरभाडे आणि हप्ता डोळ्यांसमोर असताना ते साहजिकही आहे. पण दोन्ही शक्यता शेजारी ठेवून बघा. होल्डवर ठेवलेला पगार कंपनीकडेच असतो, आणि क्रमांक दुरुस्त झाला की तो वेगळ्या व्यवहाराने पाठवता येतो. चुकीच्या क्रमांकावर गेलेला पगार, ते खाते अस्तित्वात नसेल तर काही दिवसांनी परत येतो, आणि तो परत आल्याची खात्री होईपर्यंत बहुतेक कंपन्या दुसऱ्यांदा पैसे पाठवत नाहीत. ते खाते दुसऱ्या कोणाचे निघाले तर प्रकरण खरोखर बिकट होते. पुष्कळ ठिकाणी अशा हस्तांतरणात रक्कम खाते क्रमांक आणि शाखेच्या कोडवरून जमा होते, नाव जुळते का हे पाहिले जातेच असे नाही. एकदा पैसे जमा झाले की ते परत घेण्यासाठी बँकांमधला पत्रव्यवहार आणि बहुधा त्या खातेदाराची संमती लागते. काही देशांतल्या क्रमांकांत तपासणीसाठी खास अंक असतात, त्यामुळे एक अंक चुकला की व्यवहार जागीच अडतो. आयबॅन अशाच रीतीने बांधलेला असतो. पण ही सोय सर्वत्र नाही, त्यामुळे तिच्या भरवशावर राहू नये.

घरभाड्याचे आणि हप्त्याचे वाक्य मी काढून टाकीन. ते खोटे किंवा अयोग्य आहे म्हणून नव्हे. त्यातून पेरोलला करण्यासारखे काही मिळत नाही आणि वर सांगितलेला संशय मात्र वाढतो. ती अडचण सांगायची योग्य जागा वेगळी आहे. पगार होल्डवर गेलाच, तर पुढच्या पगाराची वाट न पाहता मधल्या तारखेला वेगळे पेमेंट करावे, अशी विनंती करताना हप्त्याची तारीख जरूर लिहा, कारण तिथे ती निर्णयाला उपयोगी पडते.

हे सगळे लक्षात घेऊन तुमचे पत्र मी असे लिहीन. कंसातल्या जागा तुम्ही भरा. शेवटचे अंक उदाहरणादाखल 4710 आणि 4718 धरले आहेत.

> विषय: 30 तारखेच्या पगारापूर्वी बँक खाते क्रमांकात दुरुस्ती – कर्मचारी क्रमांक (…)
>
> नमस्कार,
>
> कर्मचारी पोर्टलवर माझा बँक खाते क्रमांक चुकीचा दिसत आहे. कृपया 30 तारखेचा पगार पाठवण्यापूर्वी तो दुरुस्त करावा. या महिन्यासाठी दुरुस्ती शक्य नसल्यास माझा पगार सध्याच्या क्रमांकावर न पाठवता होल्डवर ठेवावा आणि तसे मला कळवावे.
>
> सध्या दिसणारा क्रमांक: शेवटचे चार अंक 4710. हे खाते माझे नाही.
> योग्य क्रमांक: (पूर्ण क्रमांक), एकूण 16 अंक, शेवटचे चार अंक 4718.
> खातेदाराचे नाव, बँक, शाखा आणि शाखेचा कोड यांत कोणताही बदल नाही.
>
> रुजू होताना (तारीख) रोजी दिलेल्या बँक तपशिलाच्या फॉर्मवर योग्य क्रमांक आहे. त्या फॉर्मची प्रत आणि बँक स्टेटमेंटचे पहिले पान सोबत जोडले आहे. 16 अंकी क्रमांक एक्सेलमध्ये संख्या म्हणून साठवला गेल्यास शेवटचा अंक 0 होऊ शकतो, म्हणून दुरुस्तीनंतर बँकेला जाणाऱ्या फाइलमध्ये शेवटचे चार अंक कोणते आहेत ते कृपया पाहून कळवावे.
>
> पडताळणीसाठी माझ्या कर्मचारी नोंदीतील फोन क्रमांकावर संपर्क साधावा. मी आज कार्यालयीन वेळेत उपलब्ध आहे. ही दुरुस्ती यापुढील सर्व पगारांसाठी आहे.
>
> (नाव, कर्मचारी क्रमांक, विभाग)

यातल्या काही निवडींमागची कारणे सांगते. 'पोर्टलवर दिसत आहे' असे लिहिले, 'पेरोलमध्ये चुकीचा आहे' असे नाही, कारण काही ठिकाणी पोर्टल आणि पेरोल ही वेगळी असतात आणि चूक फक्त पोर्टलपुरती असू शकते. तुम्हाला जे दिसले तेवढेच सांगितले, की उरलेले शोधणे त्यांच्याकडे जाते. फोन क्रमांक मुद्दाम पत्रात दिलेला नाही, आधीच्या नोंदीतला वापरायला सांगितला आहे, कारण पत्रातच दिलेल्या क्रमांकावर फोन करून पडताळणी होत नाही, तो क्रमांक कोणाचाही असू शकतो. 'यापुढील सर्व पगारांसाठी' हे वाक्य नसेल, तर एखादा माणूस फक्त या महिन्याच्या फाइलमध्ये अंक बदलेल आणि मूळ नोंद तशीच राहील. मग पुढच्या महिन्यात 0 पुन्हा हजर.

स्टेटमेंटच्या पहिल्या पानावर तुमचे नाव, पूर्ण क्रमांक आणि शाखा स्पष्ट दिसली पाहिजे. व्यवहारांच्या ओळी आणि शिल्लक झाकलीत तरी चालते. तुमच्याकडे रद्द केलेला धनादेश मागण्याची पद्धत असेल तर तो जोडा. डेबिट कार्डाचा फोटो मात्र कधीही पाठवू नका. त्यावरचा क्रमांक कार्डाचा असतो, खात्याचा नाही, आणि तोही पुष्कळदा 16 अंकी असल्याने घोळात भर पडते.

पत्र कंपनीने दिलेल्या ईमेलवरूनच पाठवा. पेरोलचा सामायिक पत्ता असेल तर त्यावर पाठवा आणि एचआरमधल्या ज्या व्यक्तीने तुमचा फॉर्म घेतला तिला प्रत द्या, कारण मूळ कागद तिच्याकडे असतो आणि तो खरा असल्याचे तीच सांगू शकते. पोर्टलवर स्वतः खाते बदलण्याची सोय असेल तर तीही वापरा, पण तेवढ्यावर थांबू नका. कट-ऑफनंतर पोर्टलवर केलेला बदल पुष्कळ ठिकाणी पुढच्या महिन्यापासून लागू होतो आणि या महिन्याची फाइल जुन्याच क्रमांकाने जाते. ईमेल गेल्यावर तासाभरात एक फोन करा किंवा जागेवर जाऊन भेटा आणि एवढेच विचारा की या महिन्याची फाइल बँकेत गेली आहे का. फाइल गेलेली नसेल तर तुमच्या पत्रातली पहिली पायरी लागू होईल. गेली असेल तर तिथेच होल्डविषयी बोला, कारण अशा वेळी ईमेलच्या उत्तराची वाट पाहण्यात जाणारा दिवस परत मिळत नाही.

उत्तरात 'नोंद घेतली आहे' एवढेच आले तर काम झाले असे समजू नका. तुम्हाला 4718 हे चार अंक उत्तरात लिहिलेले हवेत, किंवा 'होल्डवर ठेवले आहे' हे शब्द हवेत. दोन्ही नसतील तर त्याच ईमेलला उत्तर देऊन, नवा विषय न उघडता, तोच प्रश्न पुन्हा विचारा, म्हणजे सगळा पत्रव्यवहार एका जागी राहतो.

30 तारखेला पगार आला नाही आणि सॅलरी स्लिपवर मात्र तो दिल्याचे दिसले, तर पेरोलकडून त्या व्यवहाराचा बँकेचा संदर्भ क्रमांक मागून घ्या. त्या क्रमांकावरून पैसे परत आले, अडकले की कोठे जमा झाले, हे कंपनीची बँक सांगू शकते. तुमची बँक ते बहुधा सांगू शकणार नाही, कारण पैसे तिच्या दृष्टीने तुमच्या खात्याकडे निघालेलेच नसतात. अशा वेळी ही भरपाई किती लवकर होईल हे चूक कोणाच्या हातून झाली, कंपनीचे नियम काय आहेत आणि तिथला कायदा काय म्हणतो, यावर ठरते. म्हणूनच 25 तारखेचे हे पत्र आणि योग्य क्रमांकाचा मूळ फॉर्म जपून ठेवा. चूक तुमच्या फॉर्ममध्ये नव्हती आणि पगाराआधी तुम्ही ती कळवली होती, हे दाखवायला ते दोन कागद लागतील.

एक शेवटची गोष्ट, जी पगार नीट जमा झाल्यावर करायची आहे. प्रवासखर्च किंवा इतर खर्चाची भरपाई पुष्कळ कंपन्यांत पेरोलमधून न जाता लेखा विभागाच्या वेगळ्या यादीतून दिली जाते, आणि त्या यादीत तुमचा खाते क्रमांक त्याच मूळ शीटमधून गेलेला असू शकतो. तिथेही शेवटचे चार अंक विचारून घ्या.